आठवीतल्या पोराच्या चिठ्ठीतली पाच कारणं आणि वर्गशिक्षकांना द्यायचा एक अर्ज. कसा लिहावा?

पांदणवाट (गुरुवार, रात्री ८.४०)

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात संध्याकाळी समाजमंदिरात मी पोरांचा अभ्यास घेते. आज आठवीतला एक पोरगा वहीचं पान फाडून घेऊन आला आणि म्हणाला, "ताई, याचा नीट अर्ज करून द्या, उद्या सरांना द्यायचा हाये." पान जसंच्या तसं उतरवते:

"सर मी सोमवारपासून येनार नाही. आजीच्या डोयाचं आपरेशन हाये. बाबा कापसात हाये, वेचाले बाया भेटून नाही राहिल्या. आई आजीसंग जाईन. मंग घरी ढोरं अन् लहान बहीन पाहाले मीच. शुक्रवारी मामाचं साक्षगंध हाये. चार पाच दिवस सुट्टी पायजे."

मी त्याचा केलेला अर्ज असा: "माझ्या आजीचे ऑपरेशन, कापूस वेचणी, गुरे व लहान बहीण सांभाळणे तसेच मामाचे साक्षगंध या कारणांमुळे मला सोमवार ते शुक्रवार सुट्टी मिळावी." भाषा शुद्ध झाली, पण वाचताना किराणा सामानाची यादी वाटते. सर हे वाचून काय म्हणतील याची मला धाकधूक आहे. यातलं काय ठेवू, काय काढू? आणि काढलं तर ते लपवणं होईल का? पोरगा हुशार आहे, खोटं लिहायला शिकवायचं नाही मला.

---

मोगरा

इतकं कशाला? "मला ताप आल्यामुळे" लिहून द्या. आम्ही दहा वर्षं तेच लिहिलं. कोणी विचारत नाही.

---

सातबारा

ताई, किरकोळ रजा किती शिल्लक आहे ते आधी पाहून घ्या. मुख्याध्यापकांमार्फत अर्ज द्यावा लागतो, थेट नाही. आमच्या घरी सून जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, तिला एकदा एका दिवसासाठी फार त्रास झाला होता.

---

पांदणवाट

सातबारा काका, रजा शिक्षकाची नाही, विद्यार्थ्याची आहे. अर्ज त्याच्या वर्गशिक्षकांना द्यायचा आहे.

मोगरा, उद्या शुक्रवार. सोमवारी येणारा ताप आज कसा लिहू?

---

मोगरा

हे मात्र खरं. 😄 आम्ही ताप आल्यावरच, म्हणजे परत गेल्यावर लिहायचो.

---

खडूफळा

सत्तावीस वर्षं वर्गशिक्षक होतो, त्यातली बरीच वर्षं आठवी आणि नववीला. अशा चिठ्ठ्या शेकड्यानं वाचल्या, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ताई, तुमची भाषा चुकलेली नाही. घाई एवढीच झाली की चिठ्ठीतून तुम्ही थेट अर्जावर गेलात. मधे एक पायरी आहे. पोराला समोर बसवा आणि कारणं विचारू नका, दिवस विचारा. सोमवारी कोण कुठे आहे? मंगळवारी? बुधवारी? एकेक दिवस वेगळ्या ओळीवर लिहा आणि त्याच्यासमोर त्या दिवशी तो घरी का हवा ते लिहा. पोरं कारणांची गोळाबेरीज करतात, कारण त्यांना वाटतं की कारणं जास्त असली की सुट्टी पक्की. वर्गशिक्षकाला मात्र दोनच गोष्टी कळायच्या असतात: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत येणार नाही, आणि त्या प्रत्येक दिवसाला कारण आहे का.

तुमच्या अर्जात सोमवार ते शुक्रवार आहे. मला सांगा, गुरुवारी काय आहे?

---

पांदणवाट

गुरुजी, हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. त्याच्या घरी जाऊन आईलाही विचारून आले. असं निघालं:

सोमवारी सकाळच्या एसटीनं आई आजीला घेऊन यवतमाळला जाणार. त्या दिवशी तपासणी, बीपी, शुगर वगैरे. मंगळवारी ऑपरेशन, डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू. बुधवारी पट्टी काढून डोळा पाहतील आणि संध्याकाळपर्यंत परत. तीन वर्षांची बहीण अंगणवाडीत जाते, पण ती दोन-तीन तासच, नंतर तिला पाहायला कोणी नाही. बाबा दिवसभर वावरात. ढोरं म्हणजे एक गाय आणि एक गोऱ्हा, त्यांचं वैरणपाणी बाबा सकाळ-संध्याकाळ करतातच. म्हणजे ढोरं हे कारण पोरानं भर घालायला टाकलं होतं.

गुरुवारी काहीच नाही. "मधातला एक दिवस काय जाऊ" असं त्याचं म्हणणं.

शुक्रवारी दारव्ह्याजवळ मामाच्या गावी साक्षगंध.

---

मुळामुठा

पुण्याचा वाचक आहे, मधेच विचारतो. साक्षगंध म्हणजे साखरपुडा का?

---

वऱ्हाडी_ठेचा

हो भाऊ, तेच. पन आमच्याकडे साक्षगंधाले गाव जेवते, अन् पोऱ्याले नवे कपडे भेटते. त्याले शाळेत बसवून दाखवा त्या दिवशी.

ताई, माझा एक मुद्दा. हे "आपरेशन हाये" चं "शस्त्रक्रिया असल्याकारणाने" करू नका. पोराची भाषा मारून टाकाल. सरबी गावातलेच असतीन.

---

खडूफळा

ठेचा भाऊंचा मुद्दा अर्धा मला पटतो. बोलताना पोरानं मला "सर, आजीचा डोया" म्हटलं तर मी त्याला कधी टोकलं नाही. अर्ज मात्र फाइलला लागतो. वर्गशिक्षक बदलतो, मुख्याध्यापक पाहतात, तपासणीला आलेला माणूस पाहतो. तेव्हा प्रमाण भाषा हवी, पण पोराच्या आवाक्यातली. "ऑपरेशन" ठेवा, "शस्त्रक्रिया" लिहायची गरज नाही. "साक्षगंध" तर मुळीच बदलू नका. तो आपल्या भागातला रूढ शब्द आहे, पत्रिकेवर छापतात तो. "डोया" चा "डोळा" करा, "ढोरं" ची गरजच उरली नाही.

आता मूळ काम. दिवस मांडल्यावर तुमच्या लक्षात आलं असेल की इथे पाच कारणं नाहीत. सोमवार, मंगळवार, बुधवार या तीन दिवसांचं कारण एकच आहे: आई आजीसोबत दवाखान्यात आहे, म्हणून लहान बहिणीजवळ याला थांबावं लागतं. बाबा कापसात असणं हे वेगळं कारण नाही. घरी दुसरं मोठं माणूस का नाही याचा तो खुलासा आहे, म्हणून त्याच वाक्यात अर्ध्या ओळीत बसतो. गुरुवारी शाळा. शुक्रवारचं कारण वेगळं, म्हणून त्याचा अर्ज वेगळा.

हा पहिला अर्ज. पोराच्या हातानं, कोऱ्या पानावर, निळ्या शाईनं लिहू द्या:

दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. वर्गशिक्षक,
इयत्ता ८ वी, तुकडी अ,
(शाळेचे नाव व गाव)

विषय : दि. १७ ते १९ नोव्हेंबर २०२५ या तीन दिवसांची रजा मिळणेबाबत.

महोदय,

मी आपल्या वर्गातील विद्यार्थी असून माझा हजेरी क्रमांक … आहे. माझ्या आजीच्या डाव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन मंगळवार, दि. १८ रोजी यवतमाळ येथे होणार आहे. त्यासाठी आई सोमवार ते बुधवार आजीसोबत राहणार आहे. वडील कापूस वेचणीमुळे दिवसभर शेतात असतात. त्यामुळे तीन वर्षांच्या बहिणीला सांभाळण्यासाठी मला घरी थांबावे लागणार आहे. गुरुवार, दि. २० रोजी मी शाळेत हजर राहीन आणि या तीन दिवसांचा अभ्यास पूर्ण करून आपणांस दाखवीन.

तरी कृपया मला तीन दिवसांची रजा मंजूर करावी, ही विनंती.

आपला आज्ञाधारक विद्यार्थी,
(नाव व सही)

पालकाची सही :

यात दोन जागा अशा आहेत जिथे पोरं हमखास चुकतात. एक, दिवस मोजणं. १९ मधून १७ वजा केले की २ येतात, म्हणून पोरं "दोन दिवस" लिहितात. दोन्ही टोकं धरायची, तेव्हा तीन होतात. विषयात तीन आणि मजकुरात दोन असं झालं की वर्गशिक्षक अर्ज परत करतो, आणि ते बरोबरच आहे. रजा शनिवारच्या पुढे जात असेल तर रविवार मधे येतो का तेही पाहायचं. दुसरी जागा परत येण्याची तारीख. ती लिहिली नाही तर पोरगा गुरुवारी आला नाही तेव्हा तो रजेवर आहे की नुसता गैरहजर, हे मला कळायला मार्ग नसतो.

---

तूरडाळ_तडका

गुरुजींनी सगळं सांगितलंच, माझी थोडी भर. रजेचा अर्ज दिला की त्या दिवसांची हजेरी धरतात. म्हणून अर्ज द्यायचाच, नाहीतर दहावीला ७५ टक्के भरत नाहीत आणि परीक्षेला बसता येत नाही.

---

खडूफळा

तडकाजी, ७५ टक्क्यांची अट दहावीच्या परीक्षेसाठी आहे, हे बरोबर. पण अर्ज दिल्यानं हजेरी लागत नाही. कॅटलॉगमध्ये त्या दिवशी पोरगा गैरहजरच असतो. अर्जामुळे गैरहजेरी सकारण होते, एवढाच फरक. पुढे दिवस कमी पडले तर शाळेकडे दाखवायला कागद असतो, म्हणून अर्ज जपून ठेवायचे हे मात्र तुमचं खरं. पण "अर्ज टाकला म्हणजे हजर" या समजुतीत राहून दिवस घालवलेली पोरं मी पाहिली आहेत. मार्चमध्ये आई-बाप येऊन बसायचे समोर, आणि तेव्हा हातात काही नसायचं.

---

तूरडाळ_तडका

असं आहे होय. माझ्या भावाला आमच्या सरांनी अर्ज दिल्यावर हजर धरलं होतं, म्हणून नियमच तसा वाटला. ते सरांनी आपल्या मनानं केलं असेल.

---

नालापार

माझं थोडं वेगळं. आमचं गाव नाल्याच्या पलीकडं. जुलैत पाणी चढलं की रपट्यावरून जाता येत नाही, एसटी अलीकडेच थांबते. मुलगी सातवीत आहे. यंदा दोनदा असं झालं. आदल्या दिवशी अर्ज देणार कसा? पाणी काही विचारून चढत नाही. परत गेल्यावर तिनं "रजा मिळणेबाबत" असाच अर्ज दिला, तर मॅडम म्हणाल्या, घेतलेल्या रजेला आता मिळणे काय? मुलगी रडत घरी आली. मॅडम रागीट नाहीत, पण तिला लागलं ते. तेव्हा काय लिहायचं असतं?

---

खडूफळा

ताई, मॅडमचा शब्दावरचा आक्षेप बरोबर आहे, पण मुलीला तिथल्या तिथे विषय बदलून लिहायला सांगता आला असता.

होऊन गेलेल्या गैरहजेरीचा विषय असा लिहायचा: "दि. … व … रोजीच्या गैरहजेरीबाबत." मजकुरात पुढे "येणार नाही" च्या जागी "येऊ शकले नाही" असा भूतकाळ. शेवटी "रजा मंजूर करावी" ऐवजी "या दोन दिवसांची गैरहजेरी क्षमापित करावी, ही विनंती." क्षमापित हा शब्द कचेरीतला आहे. मुलीला जड वाटला तर "माफ करावी" लिहू द्या, कोणी अडवणार नाही. कारण म्हणून "नाल्याला पूर आल्याने रपट्यावरून वाहतूक बंद होती" एवढं एक वाक्य पुरतं. मुलगी आहे, तेव्हा "विनंती करते", "येऊ शकले नाही", "आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी". मुली पुष्कळदा पुस्तकातला नमुना उतरवतात आणि तो "करतो" असतो. वर्गशिक्षिका असतील तर "महोदया".

---

नालापार

धन्यवाद गुरुजी. आजच लिहून घेते. पुढच्या पावसासाठी नमुना वहीच्या शेवटच्या पानावर चिकटवून ठेवते.

---

मुळामुठा

"आज्ञाधारक" अजून चालतं का? माझ्या मुलाच्या मराठीच्या पुस्तकात सगळं डाव्या बाजूला आहे, खाली पत्ता आणि ई-मेल, आणि शेवटी "आपला विश्वासू". प्रति वगैरेची जुनी मांडणी परीक्षेत चुकीची धरतील ना?

---

खडूफळा

परीक्षेतल्या पत्रलेखनाला पुस्तकात दिलेलाच नमुना पाळावा, गुण त्यावर असतात. खरा अर्ज ही वेगळी गोष्ट आहे. तो वाचणारा माणूस रोज पोराच्या समोर उभा असतो, त्याला पोराचा ई-मेल कशाला हवा? डावी-उजवी बाजू कोणतीही घ्या. दिनांक, कोणाला, विषय, मजकूर, सही एवढं सापडलं पाहिजे.

"आज्ञाधारक" बद्दल माझाही आग्रह नाही. "आपला विद्यार्थी" इतकंच लिहिलेला अर्जही मी आनंदानं घेत असे.

---

सातबारा

आता विषय नीट समजला, म्हणून पुन्हा लिहितो. गुरुजी, तुम्ही कापूस अर्ध्या ओळीत ढकलला. मला ते बरोबर वाटत नाही. नोव्हेंबरात आमच्याकडे दुसरं कारणच नसतं. बोंड फुटलं, वेचायला माणूस मिळत नाही, वरून अवकाळीचा धाक. भिजला की कापूस पिवळा पडतो, मग व्यापारी भाव पाडतो. किलोमागे मजुरी देतो म्हटलं तरी बाया दुसऱ्याच्या वावरात आधीच ठरलेल्या असतात. अशा वेळी घरचं पोरगं दोन दिवस वावरात आलं तर ते सरळ का लिहू नये? शेतकऱ्याच्या पोरानं शेतीचं कारण लाजून लपवायचं का?

---

खडूफळा

सातबारा भाऊ, लपवा असं मी म्हणत नाही. या पोराच्या बाबतीत तो वेचायला जाणारच नाही, बहिणीजवळ थांबणार आहे. म्हणून कापूस अर्ध्या ओळीत. जे पोरगं खरंच वेचायला जातं त्यानं तसंच लिहावं. "ताप" लिहून दिलेलं पोरगं आठवडी बाजाराच्या दिवशी कापसाच्या गाडीवर बसलेलं मला दिसलं होतं. त्यानंतर त्याला खरोखर ताप आला तेव्हा माझ्या मनात शंका आली, आणि त्या शंकेची मला आजही खंत वाटते.

पण लिहिलं म्हणजे मंजूर होईल, असं नाही. तेरा वर्षांच्या पोराची शाळा वेचणीसाठी बुडवायला मी सही केली नसती. बापाला बोलावून बोललो असतो.

---

सातबारा

बोलावून काय होणार गुरुजी, बाया मिळणार आहेत का?

---

वऱ्हाडी_ठेचा

दोघंबी खरं बोलून राहिले. मी स्वतः सहावीत पंधरा दिवस वेचाले गेलो. शाळेत कोनं विचारलं नाही, अन् भागाकार जो राहिला तो राहिलाच. आता पोरीले अभ्यास शिकवतानी अडकते.

---

रानफूल_७

एक शंका. पालकाची सही म्हणता, पण आमच्या सासूबाईंच्या ताब्यात दोन नातवंडं आहेत, त्या अंगठा लावतात. शाळेत म्हणे अंगठा चालत नाही.

---

खडूफळा

चालतो. अंगठ्याच्या बाजूला आजीचं पूर्ण नाव आणि "यांचा डाव्या हाताचा अंगठा" असं लिहायचं, आणि लिहून देणाऱ्यानं खाली आपली सही करायची. ती सही पोरानं स्वतः करू नये, शेजारच्या मोठ्या माणसाची घ्यावी. पालकाच्या सहीचा हेतू इतकाच की घरी कोणा मोठ्याला ठाऊक आहे. बापाची सही पोरानंच केलेली मला लगेच कळायची, कारण पोरं ती फार सुंदर काढतात. बाप घाईत करतो.

---

पांदणवाट (शुक्रवार, सायंकाळी ७.१५)

आज काय झालं ते सांगते. काल रात्री त्याला गुरुजींचा नमुना नुसता उतरवायला दिला नाही. आधी सोमवार, मंगळवार, बुधवार अशा तीन ओळी त्याच्याकडून लिहून घेतल्या आणि प्रत्येक ओळीतून एक वाक्य करायला लावलं. "वडील दिवसभर शेतात असतात" हे त्यानं आपणहून लिहिलं. "अभ्यास पूर्ण करून दाखवीन" या जागी त्याचा हात थांबला. म्हणाला, "ताई, हे लिहिलं तर करा लागन ना?" मी म्हटलं, हो, करावा लागेल. मग कोणाच्या वह्या घेशील, हे त्यानं ठरवलं आणि मगच ते वाक्य लिहिलं.

सकाळी सरांनी अर्ज वाचला, आजीचं नाव विचारलं, आणि सही करून तारीख टाकली. शुक्रवारच्या साक्षगंधाचा वेगळा अर्जही त्यानं सोबतच दिला होता. तो सरांनी ठेवून घेतला आणि म्हणाले, "गुरुवारी ये, मग पाहू." मला ते योग्य वाटलं. पोरगा थोडा हिरमुसला.

---

मोगरा

साक्षगंधाला नाही म्हणू नये हो सरांनी. मामा एकच असेल.

---

वऱ्हाडी_ठेचा

गुरुवारी गेला की देतेतच. मास्तरले पाहाचं असते पोरगा येते का नाही.

---

पांदणवाट (सोमवार, रात्री ९.०५)

गुरुजी, अडचण झाली. आजीची शुगर फार वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, आधी गोळ्या घेऊन शुगर खाली आणा, अशा शुगरवर डोळ्याला चिरा देणार नाही. पुढच्या मंगळवारी, म्हणजे २५ तारखेला बोलावलं आहे. आई आणि आजी आज संध्याकाळच्याच गाडीनं परत आल्या. आता रजा तर बुधवारपर्यंत मंजूर आहे. पोरगा म्हणतो, मंजूर आहे तर घरीच राहतो, आणि जुन्या अर्जावर तारखा खोडून २४ ते २६ करून घेतो.

---

खडूफळा

शुगर निघाली ते आधीच कळलं हे बरं झालं. आजींना सांभाळा.

तारखा खोडू देऊ नका. त्या अर्जावर सरांची सही आहे, त्यावर आता कोणीच काही लिहायचं नाही. आणि रजा मंजूर आहे म्हणून घरी राहणं बरोबर नाही. ज्या कारणासाठी मिळाली ते कारण आजच संपलं. उद्या, मंगळवारी त्यानं शाळेत जावं आणि जाताना चार ओळींचा कागद न्यावा:

विषय : मंजूर रजेपैकी दोन दिवसांची रजा रद्द करणेबाबत.

महोदय, आपण मला दि. १७ ते १९ नोव्हेंबर या तीन दिवसांची रजा मंजूर केली होती. आजीची शुगर वाढल्याने ऑपरेशन पुढे ढकलले असून आई सोमवारीच परत आली आहे. त्यामुळे मी आज, दि. १८ रोजी शाळेत हजर झालो आहे. तरी दि. १८ व १९ ची रजा रद्द समजावी, ही विनंती.

२४ ते २६ साठी नवा अर्ज, पण तो आज नको. शुगर खाली येते की नाही हे डॉक्टर शनिवारपर्यंत सांगतील, तारीख पक्की झाली की द्यावा. त्यात आधीच्या अर्जाचा एका वाक्यात उल्लेख करावा, म्हणजे सरांना दोन्ही कागद जुळवता येतील.

---

सातबारा

हे चांगलं सांगितलं. तलाठ्याकडेही असंच असतं, खोडलेला कागद कोणी धरत नाही.

---

पांदणवाट (शनिवार, सायंकाळी ६.३०)

मंगळवारी तो गेला. सरांनी कागद पाहिला आणि कॅटलॉगमध्ये एकाच दिवसाची नोंद केली. गुरुवारी साक्षगंधाच्या अर्जावरही सही मिळाली. काल मामाच्या गावी गेला होता, आज सकाळच्या शाळेला वेळेवर हजर.

आजीची शुगर उतरली आहे, २५ तारीख पक्की. कापूस मात्र अजून वावरातच आहे, बाया मिळाल्या नाहीत, आणि त्याचे बाबा आज माझ्याकडे येऊन म्हणाले, "पोरगा बुधवारनंतर दोन दिवस वावरात आला तर चालते का?" मी त्यांना सरांशी बोला म्हटलं. ते काही बोलले नाहीत.

नवा अर्ज तो आत्ता माझ्यासमोर बसून लिहितो आहे. दिवस मांडून झाले, दोन्ही टोकं धरून तीन मोजले. मला एवढंच विचारलं, "ताई, मोतीबिंदूमधली बि पहिली का दुसरी?"